बत्तीस इंची टीव्ही: आधी टेप, मग दुकान

डोंबिवलीला राहणाऱ्या माझ्या थोरल्या बहिणीचा दिवाळीच्या आधी फोन आला. घरात दोन छोटे टीव्ही घ्यायचे होते, एक बेडरूमला आणि एक स्वयंपाकघराला. दोन्ही बत्तीस इंचीच, एवढं नक्की होतं. प्रश्न होता तो एचडी की फुल एचडी याचा. तिचा बेत तयार होता. "बेडरूमला चांगला, फुल एचडी घेऊ. स्वयंपाकघरात काय, आजी मालिका बघतात आणि मी कानाने ऐकते. तिथे साधा एचडी पुरे." आजी म्हणजे तिच्या सासूबाई. मी म्हटलं, "ताई, अजून दुकानात जाऊ नकोस. शिवणाचा टेप काढून ठेव, रविवारी येतो."

रविवारी दोन्ही खोल्यांत टेप धरला आणि तिचा बेत बरोबर उलटा झाला. तो का उलटा झाला, हे नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण हाच बेत घेऊन रोज कितीतरी माणसं दुकानात जातात आणि जिथे फरक दिसणारच नाही तिथे जास्त पैसे घालून येतात.

आधी एचडी आणि फुल एचडी म्हणजे काय ते पाहू. टीव्हीचा पडदा म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. प्रत्येक ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. बत्तीस इंची एचडी पडद्यावर आडव्या ओळीत १३६६ ठिपके असतात आणि अशा ७६८ ओळी असतात, म्हणजे एकूण साडेदहा लाखांच्या आसपास ठिपके. फुल एचडीत एका ओळीत १९२० ठिपके आणि ओळी १०८०, एकूण पावणेएकवीस लाखांच्या आसपास. दुकानदार "डबल क्लॅरिटी" म्हणतो ते या हिशोबाने. संख्या जवळजवळ दुप्पट आहे, यात खोटं काही नाही. पण ती दुप्पट पूर्ण पृष्ठभागावर पसरलेली आहे. एका ओळीपुरतं पाहिलं तर ठिपके १३६६ वरून १९२० होतात, म्हणजे दीडपटही नाही, साधारण एक पूर्णांक चार पट. डोळ्याला जाणवतो तो हा ओळीतला फरक.

बत्तीस इंच हे माप पडद्याच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंतचं. आपल्याकडे खोक्यावर ते ८० सेंटिमीटर असंही छापलेलं असतं. पडद्याची खरी रुंदी ७१ सेंटिमीटरच्या जरा आत असते आणि उंची ४० सेंटिमीटर. त्या रुंदीत १३६६ ठिपके बसवले तर प्रत्येक ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा होतो. १९२० बसवले तर एक तृतीयांश मिलिमीटरपेक्षा थोडा मोठा. सगळा वाद या दोन ठिपक्यांचा आहे: अर्धा मिलिमीटर आणि त्याहून जरा बारीक.

आता डोळा. दारातली ठिपक्यांची रांगोळी उंबऱ्यात उभं राहून पाहिली तर ठिपका न् ठिपका वेगळा दिसतो. तीच तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून पाहिली तर ठिपके एकमेकांत मिसळून रेघ होते. डोळ्याच्या डॉक्टरांच्या तक्त्यावर ज्याला ६/६ म्हणतात, त्या निरोगी नजरेला किती बारीक वस्तू किती अंतरावरून वेगळी दिसते याचं माप ठरलेलं आहे. एका अंशाचा साठावा भाग, एवढ्या कोनापर्यंत ती नजर दोन ठिपके वेगळे ओळखते. त्याहून लहान कोन झाला की ठिपके एकजीव होतात. या मापाने बत्तीस इंची एचडी पडद्याचे ठिपके साधारण सहा फुटांवर एकजीव होतात. फुल एचडीचे सव्वाचार फुटांवर.

यातून तीन पट्टे पडतात. डोळा आणि पडदा यांच्यात सहा फुटांपेक्षा जास्त अंतर असेल तर एचडीचेच ठिपके डोळ्याला दिसत नाहीत, मग त्याहून बारीक ठिपके दिसण्याचा प्रश्नच येत नाही. चार ते सहा फुटांच्या मध्ये फुल एचडी थोडं नितळ दिसतं, विशेषतः अक्षरांच्या कडा आणि तिरक्या रेषा. चार फुटांच्या आत फरक स्पष्ट असतो आणि तो कुणालाही दाखवता येतो. ही लक्ष्मणरेषा नव्हे. तरुण, तीक्ष्ण नजरेच्या माणसासाठी ती सात फुटांपर्यंत सरकेल, चष्म्याचा नंबर बदललेला असूनही जुनाच चष्मा लावणाऱ्यासाठी अलीकडे येईल. पण खोलीचा निर्णय घ्यायला एवढं पुरतं.

ताईची बेडरूम दहा बाय अकराची. पलंगाची उशाकडची बाजू एका भिंतीला, टीव्ही समोरच्या भिंतीवर. लोक इथे भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजतात आणि चुकतात. मोजायचं असतं ते डोळ्यापासून पडद्यापर्यंत. म्हणून ताईला रोजच्यासारखं दोन उशा पाठीला लावून बसायला सांगितलं आणि तिच्या कपाळापासून समोरच्या भिंतीवर जिथे पडदा येणार तिथपर्यंत टेप धरला. आठ फूट दोन इंच. या अंतरावर सशक्त नजरेलाही सात दशांश मिलिमीटरपेक्षा बारीक काही वेगळं दिसत नाही, आणि एचडीचा ठिपका अर्ध्याच मिलिमीटरचा. म्हणजे या खोलीत एचडी पडदाच तिच्या डोळ्यापेक्षा बारीक काम करतो. फुल एचडी घेतला असता तर वरचे सगळे पैसे न दिसणाऱ्या ठिपक्यांवर गेले असते.

मुंबई-पुण्याच्या बहुतेक फ्लॅटांत बेडरूमचं गणित याच वळणावर येतं. पलंगच साडेसहा फुटांचा, त्यापुढे कपाट उघडण्याइतकी वाट, मग भिंत. डोळा ते पडदा अंतर सात फुटांच्या खाली सहसा येत नाही. अपवाद म्हणजे टीव्ही पलंगाच्या पायाशी टेबलावर ठेवलेला असणं, किंवा कॉलेजातला मुलगा पडद्यापासून चार फुटांवर खुर्ची ओढून गेम खेळत असणं. तसं असेल तर बेडरूमलाही फुल एचडी घ्यावा.

स्वयंपाकघरात चित्र वेगळं निघालं. आठ बाय सातची खोली, खिडकीला लागून ओटा, बाजूच्या भिंतीशी घडीचं छोटं टेबल. टीव्ही त्या टेबलाच्या वर लागणार होता. ओट्याशी उभ्या ताईपासून पडदा पाच फुटांवर, तोही तिरका. टेबलाशी बसून भाजी निवडणाऱ्या आजींपासून साडेतीन फुटांवर. साडेतीन फुटांवर एचडीचे ठिपके डोळ्याला दिसण्याच्या कक्षेत येतात. बातम्यांच्या खालच्या पट्टीवरची मराठी अक्षरं तिथे जाडीभरडी दिसतात, वेलांटीची कड पायरीसारखी तुटते, मात्रा आणि अनुस्वार शिरोरेघेत मिसळतात. देवनागरीचे हे बारीक तुकडे अक्षराच्या वर-खाली लटकलेले असल्यामुळे जाड ठिपक्यांचा पहिला फटका त्यांनाच बसतो. त्यात संध्याकाळी भाचा याच टेबलावर लॅपटॉप उघडून अभ्यास करतो आणि मोठा पडदा मिळाला तर तो लॅपटॉप टीव्हीला जोडणार हे उघड होतं. लॅपटॉपवरचा मजकूर वाचायचा असेल तर फुल एचडीला पर्याय नाही.

त्याचं कारण थोडं मागे जाऊन सांगावं लागेल. १३६६ बाय ७६८ हा आकडा चमत्कारिक आहे. टीव्हीच्या जगात चित्राची मापं ठरलेली आहेत. जुन्या साध्या वाहिनीचं चित्र आपल्याकडे ५७६ ओळींचं. एचडीचं ७२० किंवा १०८० ओळींचं. मग ७६८ आले कुठून? ते संगणकाकडून आले. एकेकाळी संगणकाचे पडदे १०२४ बाय ७६८ असे असत. तीच उंची ठेवून पडदा टीव्हीसारखा रुंद, म्हणजे सोळास नऊ या प्रमाणात केला की १३६६ येतात. युरोपातल्या इलेक्ट्रॉनिक्स उत्पादकांच्या संघटनेने जानेवारी २००५ मध्ये "एचडी रेडी" हा शिक्का आणला, तेव्हा अट घातली ती निदान ७२० ओळींची आणि एचडी संकेत स्वीकारता येण्याची. ७६८ ओळींचे पडदे त्या अटीत बसले आणि बाजारभर पसरले. "रेडी" म्हणजे एचडी घ्यायला तयार, एवढाच त्याचा अर्थ. आलेलं प्रत्येक चित्र जसंच्या तसं दाखवण्याचं वचन त्यात नव्हतं.

याचा परिणाम असा की एचडी रेडी टीव्हीवर कुठलंच चित्र ठिपक्यास ठिपका बसत नाही. ७२० ओळींचं आलं तर ताणून ७६८ करावं लागतं, १०८० चं आलं तर आकसावं लागतं. हलत्या चित्रात, मालिकेत, सामन्यात हे कळत नाही. मजकुरात लगेच कळतं, कारण अक्षराची एक ठिपका जाडीची काळी रेघ दोन राखाडी ठिपक्यांत विभागली जाते. फुल एचडी टीव्हीला लॅपटॉपने १९२० बाय १०८० पाठवलं तर एकास एक बसतं. स्वयंपाकघराचा निर्णय इथे पक्का झाला.

पण त्याआधी एक गोष्ट तपासायची होती, आणि तिच्याशिवाय बाकी सगळं वाया गेलं असतं. चित्र येतं कुठून? ताईकडच्या हॉलमधला जुना सेटटॉप बॉक्स स्वयंपाकघरात जाणार होता. त्यावर वाहिन्या होत्या साध्या, एसडी. एसडी चित्रात ७२० बाय ५७६ म्हणजे चार लाखांच्या जरा वर ठिपके येतात. फुल एचडी पडद्याला त्या चार लाखांतून पावणेएकवीस लाख भरायचे असतात. प्रत्येक आलेल्या ठिपक्यामागे चार नवे ठिपके टीव्ही स्वतःच्या अंदाजाने रंगवतो. यात नवा तपशील तयार होत नाही. टीव्हीतली ही जुळवणी करणारी चिप साधारण असेल तर एसडी वाहिनी फुल एचडी पडद्यावर एचडी पडद्याइतकीच मऊ दिसते. डीडी फ्री डिशच्या बहुतेक वाहिन्या एसडी आहेत. तेवढंच बघायचं असेल तर बत्तीस इंचांत फुल एचडी घेण्याचं कारण कुठल्याच खोलीत उरत नाही.

झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी यांच्या एचडी आवृत्त्या आहेत. त्यांचं शुल्क एसडीपेक्षा जास्त असतं आणि त्यासाठी बॉक्सही एचडी लागतो. ताईचा बॉक्स सुदैवाने एचडी होता, पण टीव्हीला जोडलेला होता लाल-पांढऱ्या-पिवळ्या तीन पिनांच्या वायरने. ही चूक मी इतक्या घरांत पाहिली आहे की आता कुठल्याही टीव्हीच्या मागे आधी तीच शोधतो. त्या तीनपैकी चित्र एकटी पिवळी वायर नेते, आणि तिच्यातून एसडीपेक्षा वर काही जात नाही. बॉक्स एचडी, वाहिनी एचडी, टीव्ही फुल एचडी, महिन्याचे पैसे एचडीचे, आणि डोळ्यासमोर चित्र एसडीचं. ओळखण्याची खूण सोपी आहे. बातम्यांच्या पट्टीवरच्या लाल अक्षरांच्या कडा शाई फुटल्यासारख्या पसरलेल्या दिसतात. उपाय म्हणजे एक एचडीएमआय वायर, आणि बॉक्सच्या सेटिंगमध्ये चित्राचं माप 1080i आहे की नाही ते पाहणं. आपल्याकडच्या एचडी वाहिन्या त्याच मापात येतात.

इंटरनेटवरून येणाऱ्या चित्रालाही असेच बांध असतात. नेटफ्लिक्सची बेसिक योजना ७२० ओळींवर थांबते. ती असेल तर एचडी टीव्हीला पुरेसं चित्र येतं आणि फुल एचडीच्या वरच्या ओळी अंदाजाने भराव्या लागतात. दुसरा बांध स्वस्त "अँड्रॉइड" टीव्हींत असतो. काही टीव्हींत प्रणाली अँड्रॉइडची असते, पण गुगलची रीतसर मान्यता आणि चित्र सुरक्षित पोचवण्याची वाइडव्हाइन नावाची व्यवस्था पूर्ण पातळीची नसते. मग सशुल्क ॲप चालतात, पण चित्र एसडीच देतात. टीव्ही फुल एचडी असून चित्रपट धुरकट दिसत असेल आणि यूट्यूब मात्र स्वच्छ दिसत असेल, तर दोष बहुधा इथे असतो. यूट्यूबवर नक्की काय येतंय ते बघायचं असेल तर व्हिडिओच्या सेटिंगमध्ये Stats for nerds असा पर्याय असतो. तो लावला की चित्राचं खरं माप आकड्यांत दिसतं.

ताईच्या बेडरूमसाठी ठिपक्यांचा प्रश्न मिटला होता, पण निवड अजून व्हायची होती. पडद्याची जात हा त्यातला खरा मुद्दा, आणि दुकानात तो कुणी काढत नाही. एलईडी टीव्हीच्या पडद्यात दोन जाती सर्वत्र दिसतात, व्हीए आणि आयपीएस. व्हीए पडद्यात काळा रंग चांगला काळा होतो. पांढऱ्या आणि काळ्यातला फरक त्यात साधारण तीन हजारास एक किंवा अधिक असतो, आयपीएसमध्ये हजारास एकच्या आसपास. दिवा बंद करून चित्रपट पाहताना आयपीएसवर रात्रीचं आकाश करडं दिसतं. उलट व्हीए पडदा बाजूने पाहिला की रंग फिके, धुतल्यासारखे होतात. आयपीएस बाजूने पाहूनही फारसा बदलत नाही.

त्यामुळे काळोख्या बेडरूमला, जिथे दोन माणसं पडद्यासमोर सरळ असतात, व्हीए चांगला. स्वयंपाकघरात ओट्यावरून तिरकं बघायचं असतं, खिडकीचा उजेड असतो, काळोख कधीच नसतो. तिथे आयपीएस. खोक्यावर ही जात बहुधा छापलेली नसते. ओळखायची दुकानात, पाहून. टीव्हीवर माणसाचा चेहरा असलेलं स्थिर चित्र लावायला सांगायचं आणि एका बाजूला चार पावलं सरकायचं. गालाचा रंग राखेसारखा पडला तर व्हीए, तसाच राहिला तर आयपीएस. ताईने दुकानात हेच केलं. विक्रेत्याने आधी जरा चमकून पाहिलं, मग स्वतःही बाजूला सरकून बघू लागला.

दुकानातल्या झगमगाटात सगळेच टीव्ही सुंदर दिसतात, कारण त्यांच्यावर कंपनीने दिलेली खास चित्रफीत चालू असते आणि रंग कमालीचे भडक केलेले असतात. ती फीत बंद करायला सांगून बातम्यांची वाहिनी लावायला सांगावी. पेनड्राइव्हवर आपल्या फोनने काढलेला वर्तमानपत्राच्या पानाचा फोटो न्यावा आणि तो दोन्ही टीव्हींवर लावून घरी जेवढं अंतर मोजलं तेवढ्याच अंतरावर उभं राहून वाचून बघावं. आम्ही असंच केलं. आठ फुटांवरून ताईला दोन्ही पडदे सारखेच दिसले. साडेतीन फुटांवरून एकावर बातमीचा मजकूर वाचता येत होता, दुसऱ्यावर फक्त मथळे. आजी सोबत होत्या. त्यांच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं आहे, आणि त्यांना बसवलेली भिंगं दूरचं बघण्यासाठीची आहेत. साडेतीन फुटांवरचं त्यांना चष्म्याशिवाय थोडं धूसर दिसतं. मी म्हटलं, "आजी, तुम्ही वाचायचा चष्मा लावून बघा, मग काढून बघा." वाचायच्या चष्म्याने आणखी धूसर झालं, कारण तो पुस्तकाच्या अंतरासाठी आहे. डॉक्टरांकडून त्यांनी पुढे मधल्या अंतराचा वेगळा चष्मा करून घेतला. ज्या घरात वयस्कर माणूस जवळून टीव्ही बघणार आहे तिथे ही तपासणी टीव्हीच्या आधी करावी, नाहीतर दोष उगाच पडद्याला दिला जातो.

जागा कमी असेल तर आणखी एक पर्याय आहे आणि तो बहुतेकांच्या लक्षात येत नाही. चोवीस इंची एचडी टीव्हीतही ठिपके १३६६ बाय ७६८ च असतात, पण पडदा लहान असल्यामुळे ते जवळजवळ बसतात. त्याचा एक ठिपका ०.३९ मिलिमीटरचा होतो. बत्तीस इंची फुल एचडीचा ०.३७. म्हणजे बारीकपणात दोघे जवळपास सारखे. ज्या स्वयंपाकघरात तीन फुटांवर बसूनच बघायचं आहे आणि भिंतीवर ७३ सेंटिमीटर रुंदीची चौकट मावत नाही, तिथे चोवीस इंची साधा एचडी बत्तीस इंची साध्या एचडीपेक्षा नितळ दिसेल. ताईची भिंत मोठी होती आणि भाच्याला लॅपटॉपसाठी रुंदी हवी होती, म्हणून आम्ही बत्तीसवरच राहिलो.

बत्तीस इंच हे माप इतकं रुळलं त्यामागे करही आहे. १ जानेवारी २०१९ पासून बत्तीस इंचांपर्यंतच्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला, मोठ्या टीव्हींवर मात्र तो २८ च राहिला. सप्टेंबर २०२५ मध्ये मोठे टीव्हीही १८ टक्क्यांत आले. मधल्या जवळपास सात वर्षांत स्वस्त टीव्ही म्हणजे बत्तीस इंची असं समीकरण झालं, आणि या मापात कंपन्यांचे सर्वाधिक नमुने एचडीच राहिले. म्हणून बत्तीस इंचांत फुल एचडी शोधायला लागतो. दुकानात दहा टीव्ही टांगलेले असतील तर त्यातले एक-दोनच तसे निघतात.

आणि इथेच फसगत होते. खोक्यावर किंवा ऑनलाइन यादीत "फुल एचडी सपोर्ट", "१०८० प्लेबॅक" असं ठळक लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ एवढाच की १०८० ओळींचं चित्र आलं तर टीव्ही ते नाकारत नाही, आकसून दाखवतो. पडदा ७६८ ओळींचाच असू शकतो. बघायचं असतं ते तांत्रिक तपशिलातल्या Resolution या ओळीत. तिथे 1920 x 1080 असेल तरच फुल एचडी. 1366 x 768 असेल तर बाकी काहीही लिहिलेलं असो, तो एचडी.

फुल एचडी घरी आल्यावरही एक काम उरतं. काही टीव्ही आलेलं चित्र थोडं फुगवून कडा कापतात. ही जुन्या ट्यूबच्या टीव्हींची सवय अजून चालू आहे. फुगवलं की एकास एक बसण्याचा फायदा गेला. लॅपटॉप जोडल्यावर खालची पट्टी अर्धी कापलेली दिसली की समजावं. चित्राच्या मापाच्या सेटिंगमध्ये एलजीवर Just Scan, सॅमसंगवर Fit to screen, सोनीवर Full pixel असा पर्याय असतो, तो निवडायचा. Sharpness ची पातळीही खाली आणायची. ती वाढवली की अक्षरांभोवती पांढरी कड उमटते आणि काहींना तीच स्पष्टता वाटते.

स्वयंपाकघरातला टीव्ही आम्ही शेगडीपासून जितका लांब जाईल तितका लांब, हलवता येणाऱ्या हातावर बसवला. फोडणीची वाफ आणि तेल पडद्यावर पातळ थर धरतात. त्याने चित्र जितकं मळतं तितकं एचडी-फुल एचडीच्या फरकाने बदलत नाही. थर पुसायचा तो टीव्ही बंद करून, मऊ कोरड्या फडक्याने. काच पुसायचं द्रव सरळ पडद्यावर फवारलं तर ते खालच्या कडेतून आत उतरतं.

शेवटी बेडरूमला व्हीए पडद्याचा एचडी आणि स्वयंपाकघराला आयपीएस पडद्याचा फुल एचडी, अशी खरेदी झाली. दोघांच्या किमतीत त्या दिवशी दोन हजारांच्या आसपास फरक होता. बेडरूमवर वाचलेले पैसे स्वयंपाकघरात वापरले गेले.

टीव्ही घरी आला की एक गोष्ट लगेच करा. शाळेची पट्टी पडद्याला हलकेच टेकवा, पडद्यावर पूर्ण पांढरं चित्र लावा, आणि भिंगातून किंवा फोनचा कॅमेरा अगदी जवळ नेऊन एका सेंटिमीटरमधले उभे ठिपके मोजा. प्रत्येक ठिपका लाल, हिरव्या आणि निळ्या तीन पट्ट्यांचा दिसेल, त्या तिघी मिळून एक. बत्तीस इंची फुल एचडीत एका सेंटिमीटरला सत्तावीस येतील, एचडीत एकोणीस. फुल एचडीचे पैसे भरले असतील आणि मोजणी एकोणीसवर थांबली, तर खोकं फेकू नका, बिल घेऊन त्याच दिवशी दुकानात परत जा.